भोगीची भाजी सप्टेंबरमध्ये पेरावी लागते

गच्चीवर किंवा गॅलरीत भाजीपाला पिकवणाऱ्या कुणाच्याही घरी जाऊन फ्रिजच्या दारातला कप्पा उघडून पाहावा. तिथे बियांची पाकिटे सापडतात. काही फोडून रबर लावलेली, काही अजून बंद. मुळा, पालक, झुकिनी, कुठल्या तरी परदेशी लेट्यूसचे दोन प्रकार. पाकिटावरची मुदत टळून गेलेली असते आणि ती टाकून द्यायचे मन मात्र होत नाही.

‘दरमहा घरपोच बियांचा बॉक्स’ हा धंदा सुरू करायची कल्पना अनेकांना सुचते. महिन्याला ठरावीक पैसे भरायचे आणि महिन्याला पाच-सहा पाकिटे घरी यायची. सौंदर्यप्रसाधने, कॉफी, पुस्तके, मुलांचे खेळ यांत ही पद्धत रुळली आहे. अमेरिकेत ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने 1926 साली सभासदांना दरमहा पुस्तक पाठवायला सुरुवात केली होती. पुस्तक वाचून झाले की कपाटात जाते, कॉफी पिऊन संपते. बियांचे तसे होत नाही. जूनमध्ये लावलेला दोडका सप्टेंबरपर्यंत कुंडी सोडत नाही. जुलैचा बॉक्स आला की त्यासाठी दुसरी कुंडी लागते आणि ऑगस्टच्या बॉक्सला तिसरी. पंधरा कुंड्यांची बाग दोन-तीन बॉक्समध्ये भरून जाते. चौथा बॉक्स येतो तो थेट फ्रिजच्या दारात. पाचव्या वेळी सभासद पैसे भरत नाही आणि कारण विचारले तर “वेळ मिळत नाही हो” एवढेच सांगतो. त्याच्याकडे वेळ असतोही. त्याच्याकडे रिकामी कुंडी नसते.

म्हणून बॉक्सची आखणी महिन्यावरून करू नये, रिकाम्या कुंडीवरून करावी. वर्षाला बारा बॉक्सऐवजी तीन, आणि प्रत्येकाला एक विषय. तो विषय असा हवा की पाच प्रकारचे बी एकाच पेटीत का आले हे सभासदाला सांगावे लागू नये. ‘आरोग्यदायी भाज्या’ किंवा ‘सॅलड स्पेशल’ हे विषय सुटसुटीत वाटतात, पण त्यांत तारीख नसते. तारीख नसली की पेरणी उद्यावर जाते. आपल्याकडे भाज्यांच्या बाबतीत तारखा ठरलेल्या आहेत. ऋषिपंचमीची भाजी, भोगीची भाजी. गच्चीवर बाग करणाऱ्या मंडळींना, विशेषतः पुणे, नाशिक, मुंबई, कोल्हापूरकडच्या घरांत, या दोन दिवसांच्या भाजीचे काय महत्त्व आहे ते निराळे सांगायला नको. त्या दिवशी मंडईत पावट्याचा भाव काय असतो तेही त्यांना ठाऊक असते.

भोगीचाच बॉक्स बांधून पाहू.

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, बहुतेक वर्षी 13 जानेवारी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. भाजीत वांगी, गाजर, पावटा किंवा वाल, मटार, हरभऱ्याचे सोलाणे, तीळ आणि बोरे. घराघरांत थोडा फरक असतो, पण गाभा हाच. बोराचे झाड कुंडीत त्या वेळेला फळणार नाही, ते मंडईतून आणायचे. तीळ पेटीत घालायचा मोह होतो, पण तो आवरावा. पेटीत खाण्याचा पदार्थ घातला की अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा वेगळा मामला सुरू होतो आणि वाटीभर तिळासाठी तो अंगावर घेण्यात अर्थ नाही. उरली पाच पिके. आता 13 जानेवारीपासून मागे मोजायचे.

पावटा सगळ्यात हट्टी. आपल्याकडचे बरेचसे गावठी पावटे आणि वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. म्हणजे फेब्रुवारीत पेरला तर वेल गच्चीभर पसरतो आणि शेंग धरत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला तर नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतो आणि जानेवारीत भरलेल्या शेंगा मिळतात. एका मोठ्या कुंडीत दोन वेल पुरेत, पण चढायला दोरी हवी.

वांग्याचे बीही त्याच आठवड्यात, पण थेट कुंडीत न टाकता ट्रेमध्ये. चार-पाच आठवड्यांनी रोपे हातभर नाही तरी वीतभर होतात, तेव्हा ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला बारा इंची कुंडीत हलवायची, एका कुंडीत एकच रोप. तिथून साठ ते सत्तर दिवसांनी पहिली फळे. डिसेंबरच्या मध्यापासून काढणी सुरू होते आणि भोगीला झाड भरात असते. जात लहान फळाची घ्यावी. भरताचे मोठे वांगे देणारे झाड एवढ्याशा कुंडीत कष्टी दिसते आणि दोन फळांवर थकते.

गाजर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. गाजराचे रोप हलवता येत नाही, हलवले की मूळ वाकडे होते, म्हणून जिथे वाढायचे तिथेच बी टाकायचे. माती फूटभर खोल आणि भुसभुशीत हवी. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात आणि या काळात ऑक्टोबरचे ऊन मातीचा वरचा थर दुपारपर्यंत कोरडा करते. गाजर उगवले नाही अशी जी तक्रार येते तिचे बहुतेक वेळा हेच कारण असते. पेरल्यावर कुंडीवर ओले गोणपाट घालावे आणि पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच संध्याकाळी काढावे. जातीचाही विचार लागतो. नॅन्टीस हे आखूड, बोथट टोकाचे गाजर कुंडीला सोयीचे, पण त्याला थंडी लागते. पुसा केसरसारखी लाल देशी गाजरे उष्णता सोसतात, मात्र लांब होतात, म्हणून त्यांना खोल कुंडी द्यावी लागते. नाशिकला पहिले आणि ठाण्याला दुसरे, असे करणे बरे.

हरभरा ऑक्टोबरच्या मध्यावर, एका फळाच्या क्रेटमध्ये दहा-बारा रोपे. पाणी कमी. महिन्याभराने शेंडे खुडले की झाड फुटते आणि खुडलेल्या पाल्याची एक भाजी होते. दहा-बारा झाडांना मिळून ओंजळभर घाटे येतात, त्याहून जास्त नाही. ही गोष्ट पेटीतल्या कार्डावर स्पष्ट लिहिलेली असावी. किलोभर सोलाण्यांचा फोटो छापून वर्षभरासाठी ग्राहक जोडता येत नाही.

शेवटी मटार, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. साठ-सत्तर दिवसांत हिरव्या शेंगा तयार. मटाराला थंडी लागते. पुणे, नाशिक, साताऱ्याकडे तो जमतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात दुपारी एवढा उकाडा असतो की फुले गळतात. तिथल्या सभासदाला मटाराऐवजी चवळी पाठवावी. ती पन्नास-साठ दिवसांत शेंगा देते आणि भोगीच्या भाजीत खपून जाते. म्हणजे पिनकोड पाहून पेटीच्या दोन आवृत्त्या कराव्या लागतात, घाटावरची आणि घाटाखालची. त्याने भरताना काम वाढते, पण पेटीत मटार घालून मुंबईला पाठवणे म्हणजे तक्रारच पाठवणे होय.

आता कुंड्या मोजा. वांग्याला दोन, पावट्याला एक, गाजर, हरभरा आणि मटार यांना एकेक. एकूण सहा. त्यांतली एक सप्टेंबरात लागते, चार ऑक्टोबरात आणि एक नोव्हेंबरात. हा आकडा पेटीच्या झाकणावर ठळक छापावा, ‘सहा कुंड्या, सप्टेंबर ते जानेवारी’. ज्याच्याकडे सहा मोकळ्या होणार नाहीत त्याने या हंगामात पेटी घेऊ नये, आणि ते त्याला पैसे भरण्याआधी कळावे. नोंदणीच्या वेळी ‘तुमच्याकडे किती कुंड्या आहेत आणि ऑक्टोबरमध्ये किती रिकाम्या असतील’ हा एक प्रश्न विचारला तरी पुढचे निम्मे गैरसमज टळतात.

पेरणी तीन टप्प्यांत आहे म्हणून तीन वेळा कुरियर करायचे का? तसे केले तर खर्च तिप्पट होतो. एकदाच सगळे पाठवले तर उत्साही माणूस पहिल्याच रविवारी पाचही पाकिटे पेरून मोकळा होतो, मटार सप्टेंबरच्या दमट हवेत कुजतो आणि गाजर पावसाच्या सरीने वाहून जाते. यावर उपाय साधा आहे. पेटी एक, आत तीन बंद लिफाफे, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात ‘याआधी उघडू नये’ आणि तारीख. त्या तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींची आठवण. तिसऱ्या लिफाफ्यात बियांबरोबर पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी पेंडीची छोटी पुडी ठेवावी, कारण नोव्हेंबरनंतर काम बदलते. मावा आणि पांढरी माशी सापळ्यावर चिकटते. वांग्याचा शेंडा माना टाकू लागला की आत अळी शिरलेली असते, तो शेंडा खालून कापून टाकायचा. हरभऱ्याचे घाटे भरू लागले की घाटेअळी येते, ती हाताने वेचायची. मटाराच्या पानांवर भुरी दिसली तर बिघडलेली पाने काढून हवा खेळती ठेवायची. सहा कुंड्यांच्या बागेत एवढे हाताने होते.

पेटी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लोकांच्या हातात पडायला हवी. गणपती जवळ आले असतील तर त्याच्या आधीच, कारण त्या दिवसांत कुरियरही तुंबते आणि घरेही गजबजलेली असतात. पंधरा दिवस उशीर झाला तर पावटा आणि वांगे भोगीला पोहोचत नाहीत आणि पेटीचा विषयच कोसळतो. म्हणून बियांची खरेदी जुलैत, तपासणी ऑगस्टच्या सुरुवातीला.

तपासणीबद्दल थोडे सविस्तर, कारण या धंद्याची पत इथे ठरते. प्रत्येक लॉटमधून शंभर दाणे मोजून घ्यावेत, ओल्या टिश्यूवर पंचवीस-पंचवीसच्या चार ओळी मांडाव्यात, गुंडाळी करून सैल प्लास्टिकच्या पिशवीत सावलीत ठेवावी. सातव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी मोजणी. प्रमाणित बियाण्यासाठी भारतात उगवणीची किमान मर्यादा ठरलेली आहे. वांगे आणि टोमॅटोसाठी 70 टक्के, भेंडीसाठी 65, मिरचीसाठी 60. याच्या खाली आलेला लॉट परत करावा, ‘चालून जाईल’ म्हणू नये. किती दाणे द्यायचे हेही या आकड्यावरून निघते. सभासदाला वांग्याची दोन रोपे हवी आहेत. दहा दाण्यांतले सात उगवले, त्यांतली दोन-तीन ट्रेमध्ये मान टाकून मेली, तरी चार उरतात आणि त्यांतली दोन दणकट निवडता येतात. म्हणून दहा. एक ग्रॅम वांग्याच्या बियांत दोनशेहून अधिक दाणे असतात. सगळा ग्रॅम पाकिटात भरला तर उरलेले पुन्हा फ्रिजच्या दारात जाणार आणि पुढच्या वर्षी उगवले नाहीत की नाव आपलेच खराब होणार.

बी भरायचे दिवस नेमके पावसाळ्याचे, आणि ओलावा हा बियांचा सगळ्यात मोठा शत्रू. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांनी घालून दिलेला एक ढोबळ नियम आहे. बियांतला ओलावा एक टक्क्याने घटला की साठवणीचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, तापमान पाच अंशांनी उतरले तरी तसेच. याचा अर्थ दमट खोलीत बसून भरलेले कागदी पाकीट छान दिसले तरी आतले बी दिवसागणिक म्हातारे होत असते. हाती बनवलेल्या कागदाची सुंदर पाकिटे अनेकांना आवडतात. ती बाहेरून वापरावीत, आत मात्र फॉइलची छोटी सीलबंद पुडी हवी. भरायची खोली बंद, एसी किंवा डीह्युमिडिफायर चालू, आणि भरणे एका बैठकीत उरकलेले. गुलाबी किंवा निळे रंगवलेले बी आले तर ते बुरशीनाशक लावलेले आहे असे समजावे. लहान मुले हाताळतील अशा पेटीत ते घालूच नये, आणि घातले तर पाकिटावर तशी सूचना हवी.

प्रत्येक पाकिटावर लॉटचा क्रमांक छापावा आणि त्याच लॉटचे बी ठरलेल्या तारखेला आपल्या गच्चीवरही पेरावे. तक्रार आली की ती कुठून आली हे यावरून कळते. एकाच लॉटच्या तक्रारी दोन-चार दिवसांच्या आत निरनिराळ्या गावांतून येऊ लागल्या आणि आपल्याही कुंडीत तेच झाले, तर बी खराब आहे, सगळ्यांना न मागता बदलून द्यावे. आपल्याकडे उगवले आहे आणि तक्रारी तुरळक, वेगवेगळ्या पिकांच्या आहेत, तर पाणी किंवा माती चुकली आहे, तेव्हा फोटो मागवून सल्ला द्यावा. हे दोन्ही एकाच मापाने मोजले तर एक तर पैसे वाया जातात, नाही तर विश्वास.

आता पेटीचे माप. कुरियरवाले वजन आणि आकारमान यांत जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागले की आकारमानाचे किलो निघतात. 25 बाय 18 बाय 6 ची पेटी घेतली तर 540 ग्रॅम होतात, म्हणजे अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडला आणि आत काहीही असो, किलोचा दर लागला. उंची एका सेंटीमीटरने कमी केली की 450 ग्रॅम. या एका सेंटीमीटरवर प्रत्येक पेटीमागे मोठी रक्कम अवलंबून आहे, म्हणून डबा छापायला देण्याआधी सामान कागदावर नव्हे तर खऱ्या नमुन्यात भरून पाहावे. कोकोपीटची वीट पेटीत घालावीशी वाटते, कारण ती भिजली की फुगते आणि ग्राहकाला गंमत वाटते. पण साडेसहाशे ग्रॅमची वीट एकटीच टप्पा ओलांडते. कोकोपीट कुठल्याही नर्सरीत मिळते, ते तिथूनच घेऊ द्यावे. बी, ट्रे, दोरी, सापळे, दीडशे ग्रॅम निंबोळी पेंड आणि कार्डे, एवढे सगळे डब्यासह चारशे ग्रॅमच्या आसपास बसते.

एका पेटीचा हिशेब अंदाजाने मांडतो. दर समजा 600 रुपये. बी आणि फॉइल 60, ट्रे-दोरी-सापळे-पेंड 85, छपाई 25, डबा 30, कुरियर 90, ऑनलाइन भरण्याचे शुल्क 14, बदलून द्यायची तरतूद 25, भरणाऱ्याची मजुरी 30. एकूण 359. हातात उरतात 241. शंभर सभासद आणि वर्षाला तीन पेट्या धरल्या तर सुमारे 72 हजार रुपये, आणि यातून परवाना, जागा, जाहिरात, कर, स्वतःचा वेळ हे सगळे निघायचे आहे. म्हणजे शंभर सभासदांवर हा जोडधंदाच आहे, घर चालवणारा नव्हे. कुरियर 90 चे 180 झाले तर उरणारे 241 चे 151 होतात, त्यावरून त्या एका सेंटीमीटरची किंमत कळेल. करांच्या बाबतीतही एक खाच आहे. पेरणीच्या बियांवर जीएसटी नाही, पण बी आणि इतर सामान एकाच किमतीत एकत्र विकले तर त्यातल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर सगळ्याला लागू शकतो. जीएसटीची नोंदणी करायची वेळ येईल तेव्हा बिल कसे करायचे ते सनदी लेखापालाशी बोलून ठरवावे.

आणि परवाना. भाजीपाल्याचे बियाणे विकायला 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार कृषी विभागाचा परवाना लागतो. घरच्या घरी, ऑनलाइन किंवा छोट्या प्रमाणात विकतो म्हणून सूट मिळत नाही. शिवाय दुसऱ्याचे बी आपण फोडून लहान पुड्या केल्या की त्यावर लेबल लावण्याची आणि उगवणीची जबाबदारी आपल्याकडे येते. सुरुवात करणाऱ्याला सोपा मार्ग असा की परवानाधारक उत्पादकाकडूनच आपल्या मापाची सीलबंद पाकिटे करून घ्यावीत. परदेशातल्या नातेवाईकांना पेटी पाठवा, अशी मागणी पहिल्याच वर्षी येते. तिला नम्रपणे नकार द्यावा. बी सीमेपार पाठवायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि ते नसले तर पेटी तिकडच्या तपासणीतच अडकते.

दुसरी पेटी ऋषिपंचमीची. या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, अशी रीत आहे, आणि कुंडीतली भाजी त्या रीतीत चपखल बसते. हा विषय मला भोगीपेक्षाही जवळचा वाटतो. पिके जूनची: भेंडी, दोडका, पडवळ, लाल माठ, चवळी आणि अळूचा कंद. दोडका-पडवळ जूनच्या मध्याला लावले तर ऑगस्टअखेर फळ देतात, माठ मात्र महिन्यातच तयार होतो, म्हणून त्याचे पाकीट जुलैअखेरच्या लिफाफ्यात. अळूचा कंद हे या पेटीचे दुखणे. तो ओला असतो, बंद डब्यात कुजतो आणि वजनाने जड. तो कोरड्या भुशात गुंडाळून भोके पाडलेल्या पाकिटात पाठवावा लागतो, आणि तरीही काही कंद बिघडतील हे धरून चालावे. लाल भोपळा आणि सुरण या भाजीला हवेच, पण त्यांचा पसारा कुंडीत मावत नाही. कार्डावर ‘हे दोन मंडईतून’ असे लिहिले की झाले.

उन्हाळ्यासाठी फुलपाखरांची पेटी करावी, असे अनेकांच्या मनात येते. ब्लू मॉर्मन हे 2015 पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात, आणि कॉमन मॉर्मनच्या अळ्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर. कल्पना सुरेख आहे, पण पेटीत बसत नाही. कढीपत्त्याचे बी झाडावरून उतरल्यावर काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावते, वाळवून साठवता येत नाही. इथे बी पाठवण्यापेक्षा रोपवाटिकेतून रोप घ्यायला सांगणेच प्रामाणिक. एप्रिल-मे मध्ये पेटी न पाठवलेलीच बरी. गच्चीवर तेव्हा माती तापलेली असते आणि बरेच सभासद गावी गेलेले असतात. तिसरी पेटी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाठवावी, गवार आणि भेंडी यांची, म्हणजे मेच्या सुट्टीआधी काढणी उरकते आणि जूनसाठी कुंड्या रिकाम्या होतात.

राहता राहिला प्रश्न गावरान बियांचा. या मंडळींना संकरित बी नको असते, कारण त्याच्या दाण्यांतून पुढच्या वर्षी तेच झाड येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली, त्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली आणि शहरांतल्या बागवाल्यांनाही अशा वाणांची ओढ लागली. पण पेटीवर ‘गावरान’ छापणे सोपे आणि ते खरे ठेवणे अवघड आहे. पावटा, हरभरा आणि मटार यांच्या फुलांत परागण बहुतांशी स्वतःचे स्वतःत होते, म्हणून सभासद आपल्या दोन वेलांचे बी राखू शकतो आणि ते तसेच उगवेल. वांग्यात मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. गाजराचे बी धरायचे तर ते जमिनीत ठेवून फुलोऱ्यावर येऊ द्यावे लागते, नॅन्टीससारखे गाजर तर पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय आपल्याकडे फुलतच नाही, आणि कोणतेही गाजर शेजारच्या गाजराशी सहज संकरते. हे सगळे पेटीत खरेखुरे सांगायला हवे, आणि त्याचा परिणामही पत्करायला हवा. पहिल्या वर्षी पेटी घेतलेला सभासद दुसऱ्या वर्षी पावटा आणि हरभरा घरचाच पेरील. त्याला तेच पुन्हा विकण्यापेक्षा दुसऱ्या वर्षीच्या भोगीच्या पेटीत पावट्याचा आणखी एक वेगळा वाण आणि वांग्याची दुसरी जात द्यावी, हरभऱ्याचे पाकीट वगळून दर तेवढा कमी करावा.